आखूड दाब, लांब पल्ला

पेट्रोल इंजिनाची तब्येत पाहायची असेल तर मेकॅनिक एक जुनी, खात्रीची युक्ती वापरतो. स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवायचा आणि इंजिन चालू न करता नुसतं फिरवायचं. पिस्टन वर येताना आतली हवा किती जोराने दाबली जाते ते काटा दाखवतो. तब्येत धडधाकट असेल तर काटा बारा-पंधरा किलोपर्यंत जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब. आठ-नऊवरच अडकला तर मेकॅनिकच्या कपाळाला आठ्या पडतात. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, थोडक्यात इंजिन खोलायची वेळ आलेली असते.

हाच गेज टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतल्या प्रियसला लावला तर काटा नऊच्या आसपास थांबतो. गाडी मात्र उत्तम चालत असते. सर्व्हिस मॅन्युअल उघडलं तर तिथेही निरोगी इंजिनाचा आकडा सुमारे नऊच दिलेला असतो. प्रियसच्या या दीड लिटरच्या इंजिनाला एक सख्खं भावंड आहे. त्याचा सिलिंडर तेवढाच रुंद, पिस्टनची धाव तेवढीच लांब, आणि ते टोयोटाच्या साध्या पेट्रोल गाड्यांत बसायचं. त्याला गेज लावला की काटा पंधराच्या घरात जातो. कागदावर पाहिलं तर दाब प्रियसमध्ये जास्त दिसायला हवा, कारण तिच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर १३ आहे आणि साध्या भावंडाचं १०.५. जास्त दाबणाऱ्या इंजिनात दाब कमी भरतो, याचं कारण समजलं की अॅटकिन्सन सायकल समजलीच म्हणायची.

त्यासाठी आधी साध्या इंजिनात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणायला हवं. पिस्टन खाली जातो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं. हा सक्शन स्ट्रोक. व्हॉल्व्ह बंद होतो, पिस्टन वर येतो, मिश्रण दाबलं जातं. हे कॉम्प्रेशन. ठिणगी पडते, जळलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. हा पॉवर स्ट्रोक, गाडी पळते ती याच्या जोरावर. शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन वर येताना धूर बाहेर लोटतो. जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली बांधलेल्या इंजिनाचा हा क्रम. आजही रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या आणि मोटरसायकली त्याच क्रमाने चालतात.

या क्रमात एक गळती आहे. पिस्टन चारही वेळा सारखंच अंतर चालतो. मिश्रण जितक्या अंतरात दाबलं, तितक्याच अंतरात ते फुलतं. पण मधे आग लागलेली असते, वायू प्रचंड तापलेला असतो. त्यामुळे पिस्टन तळाला पोचला तरी वायूचा जोर संपलेला नसतो. इंजिनावर पूर्ण भार असेल तर त्या क्षणी सिलिंडरमध्ये वातावरणाच्या तीन ते पाच पट दाब शिल्लक राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि हा सगळा जोर धाडकन सायलेन्सरकडे पळतो. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलचा जो कानठळ्या बसवणारा फटफटाट ऐकू येतो, तो या सुटलेल्या दाबाचाच आवाज. त्यासाठी पेट्रोल जळलेलं असतं, पण चाकापर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

उपाय सुचायला सोपा आहे. दाबायचं थोड्या अंतरात आणि फुलू द्यायचं जास्त अंतरात. लंडनमधले इंजिनिअर जेम्स अॅटकिन्सन यांनी १८८० च्या दशकात नेमकं हेच केलं. ऑटोंच्या पेटंटच्या कक्षेबाहेर राहणारं इंजिन बनवणं ही त्यांची गरज होती, आणि त्या खटपटीत त्यांनी पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये सांध्यांच्या दांड्यांची एक गुंतागुंतीची जुळणी बसवली. क्रँकशाफ्टच्या एकाच फेऱ्यात पिस्टन चार वेळा धावायचा आणि प्रत्येक धावेची लांबी वेगळी असायची. सक्शन-कॉम्प्रेशनची धाव आखूड, पॉवरची बरीच लांब. १८८७ साली त्यांना या इंजिनाचं अमेरिकी पेटंट मिळालं. इंजिन चालायचं आणि गॅसही कमी खायचं. पण सांधे जितके जास्त तितकं वजन, घर्षण आणि झीज जास्त. शिवाय ते फार वेगाने फिरवता येत नसे. ऑटोंचं साधं-सरळ इंजिन जग जिंकून गेलं आणि अॅटकिन्सन पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीपुरते उरले.

प्रियसच्या इंजिनात यातला एकही सांधा नाही. तिथला पिस्टन चारही वेळा सारखाच धावतो, क्रँकशाफ्ट नेहमीचाच आहे. बदललंय ते फक्त इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचं टायमिंग.

एका सिलिंडरचा हिशोब मांडून पाहू. दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, म्हणजे एका पिस्टनची धाव सुमारे ३७४ घन सेंटिमीटर जागा मोकळी करते. पिस्टन अगदी वर असताना डोक्यावर सुमारे ३१ घन सेंटिमीटर जागा उरते. दोन्ही मिळून ४०५. चारशे पाचला एकतीसने भागलं की तेरा येतात, हेच ते १३ चं गुणोत्तर. आता पिस्टन तळाला गेला, सिलिंडर मिश्रणाने भरला, आणि पिस्टन परत वर निघाला. साध्या इंजिनातही व्हॉल्व्ह तळानंतर जरा उशिराच बंद होतो. इथे मात्र तो मुद्दाम बराच वेळ उघडा ठेवला जातो. समजा क्रँकशाफ्ट तळापासून ऐंशी अंश पुढे फिरेपर्यंत तो उघडाच आहे. तोवर पिस्टनने आपल्या धावेचा एक तृतीयांश भाग कापलेला असतो आणि सुमारे १२५ घन सेंटिमीटर मिश्रण आल्या वाटेने परत लोटलेलं असतं. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा आत उरतात २८० घन सेंटिमीटर. खरं दाबणं इथून सुरू होतं. दोनशे ऐंशी भागिले एकतीस, म्हणजे नऊपट.

गेजचा काटा नऊच्या आसपास का थांबतो याचं कोडं इथे सुटतं. इंजिन झिजलेलं नसतं. हवेचा बराचसा भाग दाबला जाण्याआधीच दरवाजातून माघारी गेलेला असतो, आणि इंजिन सुरू होताना तर व्हॉल्व्ह सर्वांत उशिरा बंद होईल अशीच मांडणी ठेवलेली असते. कॉम्प्रेशन कमी असलं की इंजिन हिसका न देता सुरू होतं. सिग्नलगणिक बंद-चालू होणाऱ्या गाडीत हे फार महत्त्वाचं, नाहीतर दर वेळी गाडीभर थरथर जाणवेल.

माघारी गेलेलं मिश्रण वाया जात नाही का, असा प्रश्न इथे हमखास पडतो. नाही जात. ते इनटेकच्या नळीत परततं आणि पुढच्याच क्षणी शेजारचा सिलिंडर ते ओढून घेतो. आजकालच्या अनेक इंजिनांत तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ते व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सोडता येतं आणि माघारी जाते ती बहुतांशी नुसती हवा.

आता ठिणगी पडते. मिश्रण २८० घन सेंटिमीटरचंच आहे, पण पिस्टन खाली जाताना त्याला पूर्ण ४०५ पर्यंत फुलायला वाव मिळतो. ऑटोच्या हिशोबाने हेच मिश्रण २८० वरच थांबलं असतं. तिथे दाब वातावरणाच्या चौपट उरला आहे असं धरलं, तर ४०५ पर्यंत जाईतो तो अडीचपटीच्या आसपास उतरतो. चारवरून अडीचवर येताना जो जोर खर्च झाला तो सायलेन्सरकडे न जाता पिस्टनवर पडला. त्याच थेंबातून थोडं जास्त काम निघालं. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात त्या लांब धावेत घर्षणही होतं, वायूची उष्णता सिलिंडरच्या भिंतीतूनही निसटते, त्यामुळे सगळा नफा हाती येत नाही. तरी बराचसा येतो.

मग साध्या इंजिनाचंच गुणोत्तर तेरा करून मिश्रण पूर्ण तेरापट का दाबत नाहीत? कारण पेट्रोलला ते सोसत नाही. जितकं दाबावं तितकं मिश्रण तापतं, आणि मर्यादेपलीकडे तापलं की उरलेलं मिश्रण ज्वाळा पोचण्याआधी आपोआप भडकतं. चढावर गाडी टॉप गिअरमध्ये रेटली की बॉनेटखालून खड्यांसारखा जो आवाज येतो तो हाच. ‘इंजिन नॉक करतंय’ असं मेकॅनिक म्हणतो. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. अॅटकिन्सन पद्धतीची खुबी अशी की नॉक होण्याचा धोका नऊपट दाबण्याइतकाच राहतो आणि फुलण्याचा फायदा मात्र तेरापटीचा मिळतो.

दुसरा फायदा शहरातल्या गर्दीत दिसतो. पेट्रोल इंजिनाची ताकद थ्रॉटल नावाच्या झडपेने आवरली जाते. अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की इनटेकच्या तोंडाशी असलेली ही चकती जवळपास बंद होते. पिस्टन मात्र हवा ओढायचा थांबत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबून धरावं आणि दांडा मागे खेचावा, तसं त्याचं होतं. ताकद लागते आणि हाती काही येत नाही. ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीचं बरंच पेट्रोल या ओढाताणीत जातं. अॅटकिन्सन पद्धतीत जास्तीची हवा व्हॉल्व्हमधूनच परत जाते. तेवढ्यासाठी थ्रॉटल आवळून धरावा लागत नाही. बोट सिरिंजच्या तोंडावरून जरा सैल होतं.

अभ्यासकांच्या मते या मांडणीला अॅटकिन्सनपेक्षा राल्फ मिलर यांचं नाव अधिक शोभलं असतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. व्हॉल्व्हच्या टायमिंगचा खेळ करून कॉम्प्रेशन आखूड करण्याची कल्पना या अमेरिकी इंजिनिअरची, १९५७ च्या पेटंटमधली. मात्र मिलर यांच्या मांडणीत हवा बाहेरून दाबून भरणारं यंत्र जोडीला होतं. ते नसलेल्या इंजिनांना मोटार कंपन्यांनी अॅटकिन्सन म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. खऱ्याखुऱ्या सांध्यांचं अॅटकिन्सन इंजिन पाहायचं तर ते होंडाने जपानमध्ये घरगुती वीज आणि गरम पाणी पुरवणाऱ्या छोट्या गॅसयंत्रात बसवलं आहे. तिथे इंजिन एकाच संथ वेगाने तासन् तास फिरतं, म्हणून सांध्यांचा त्रास झेपतो.

इतकं गुणी इंजिन सरसकट सगळ्या गाड्यांत का नाही, याचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे. ४०५ ची जागा असून भरलं २८० च. दीड लिटरच्या इंजिनाने जेमतेम एक लिटरभर मिश्रण घ्यायचं आणि तेवढ्यावर गाडी ओढायची. आकडे बोलके आहेत. साधं दीड लिटरचं भावंड सुमारे १०९ हॉर्सपॉवर देतं आणि त्याचा टॉर्क १४१ न्यूटन मीटर. दुसऱ्या प्रियसचं इंजिन ७६ हॉर्सपॉवर आणि ११५ न्यूटन मीटरवर थांबतं. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या प्रियसमध्ये तर हाच आकडा ५८ हॉर्सपॉवर होता. त्यातही ही इंजिनं कमी फेऱ्यांवर विशेष मंद. जागेवरून उठताना, पाठीमागून हॉर्न वाजत असताना, चढावर क्लच सोडताना जिथे जोर लागतो, नेमका तिथेच तो नसतो. असं इंजिन एकट्याच्या बळावर गाडीत बसवलं तर गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हलाच परत फिरेल.

इलेक्ट्रिक मोटर बरोबर याच ठिकाणी उपयोगी पडते. तिचा स्वभाव इंजिनाच्या उलट. ती शून्य फेऱ्यांवर सर्वांत जास्त जोर देते आणि वेग वाढत जाईल तसा तिचा जोर उतरतो. दुसऱ्या प्रियसमधली मोटर जागेवरूनच ४०० न्यूटन मीटर टॉर्क लावायची, इंजिनाच्या साडेतीनपट. गाडी उठवायचं काम मोटरचं, आणि गाडी चालती राहिली की सावकाश, किफायतशीर मेहनत इंजिनाची. संसारात एकाने हाताला जड आणि दुसऱ्याने पायाला हलकं असावं, तशी ही जोडी.

त्यात आणखी एक सोय आहे. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि दोन मोटरी ग्रहांसारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या एका संचाने जोडलेल्या असतात. त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या गाडीच्या वेगाला बांधलेल्या नसतात. गाडी तीसने चालो की साठने, संगणक इंजिनाला त्याच्या सर्वांत फायद्याच्या फेऱ्यांवर फिरवतो, जास्तीची ताकद बॅटरीत साठवतो, आणि थोडकीच ताकद हवी असेल तेव्हा इंजिन सरळ बंद करतो. अॅटकिन्सन इंजिन एका अरुंद पट्ट्यातच चांगलं चालतं, आणि इथे त्याला त्या पट्ट्याबाहेर फारसं जावंच लागत नाही. चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये अशा इंजिनाने पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त ४० टक्के भाग कामात आणल्याचं टोयोटाने जाहीर केलं. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा मोठा आहे.

भारतात आज टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं अॅटकिन्सन इंजिन आहे, इनोव्हा हायक्रॉसमध्ये दोन लिटरचं, होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये दीड लिटरचं. होंडाची मांडणी निराळी आहे. शहरात तिथलं इंजिन बहुतेक वेळ जनरेटरच फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. हमरस्त्यावर एकसारखा वेग धरला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. इंजिनाचा टॉर्क १२७ न्यूटन मीटर, मोटरचा २५३. दुबळं इंजिन आणि जोरकस मोटर हे नातं इथेही तेच.

‘अॅव्हरेज किती देते?’ या आपल्याकडच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ग्रँड विटाराच्या जाहीर आकड्यांत मिळतं. साध्या मॅन्युअल मॉडेलला लिटरमागे २१.११ किलोमीटर, स्ट्राँग हायब्रिडला २७.९७. हे आकडे रस्त्यावरचे नव्हेत. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या आराखड्यानुसार चालवून ते काढले जातात. त्या आराखड्यात ताशी ९० किलोमीटरच्या वर वेग जात नाही, आणि थांबणं-निघणं बरंच असतं. म्हणून रोजच्या वापरात आकडा खाली येतो, शहरात कमी आणि द्रुतगती मार्गावर शंभरच्या पुढे चालवताना जास्त. शिवाय हा सगळा फरक एकट्या अॅटकिन्सनचा मानणं बरोबर नाही. ब्रेक लावताना परत मिळणारी वीज आणि सिग्नलला बंद राहणारं इंजिन यांचा वाटा शहरात फार मोठा आहे. इंजिन जेव्हा चालू असतं तेव्हा ते काटकसरीने चालावं, एवढं अॅटकिन्सनचं काम.

या जोडीची कसोटी घाटात लागते. खोपोलीहून लोणावळ्याला बोरघाट चढताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच जाते. माणसं आणि सामानासह दीड टन वजन तेवढं उचलायला, हवेचा आणि टायरचा विरोध सोडूनही, सव्वादोन युनिट वीज लागते. हायरायडरची बॅटरी सगळी मिळून ०.७६ युनिटची, आणि ती कधी पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. म्हणजे घाटाचा तिसरा हिस्साही बॅटरीच्या बळावर चढत नाही. पहिल्या काही वळणांवर मोटर झोकात साथ देते. मग बॅटरीचा दांडा पडद्यावर खाली येतो आणि सगळा भार इंजिनावर पडतो. व्हॉल्व्ह आता लवकर बंद होऊ लागतो, म्हणजे सिलिंडर जास्त भरतो, काटकसर थोडी बाजूला राहते. फेऱ्या चार-पाच हजारांवर जातात आणि तिथेच टिकून राहतात. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. पहिल्यांदा हायब्रिड घाटात नेणाऱ्याला वाटतं की क्लच घसरतोय किंवा इंजिनात बिघाड झालाय. बिघाड काही नसतो. इंजिनाचं तापमान ठीक असेल, पडद्यावर इशारा नसेल आणि सपाटीला येताच आवाज निवला, तर गाडी ठणठणीत आहे.

उतारावर गोष्ट उलटी. लोणावळ्याहून खाली निघालं की मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरू लागते. पण ती लहान असल्याने खोपोली दिसायच्या बरीच आधी भरून जाते. त्यानंतर आणखी वीज ठेवायला जागा नसते आणि ब्रेक तापू द्यायचे नसतात. तेव्हा जनरेटर इंजिनालाच फिरवू लागतो. पेट्रोलचा फवारा बंद, ठिणगी नाही, तरी बॉनेटखालून इंजिनाची घरघर ऐकू येते, कारण उतारावरून मिळणारा जास्तीचा जोर आता चार धावांच्या त्या रहाटगाडग्यात नुसती हवा ओढण्यात आणि लोटण्यात जिरवला जात असतो.